वडिलांच्या औषधांची छायाचित्रे : मुलीचा ई-मेल डॉक्टरांना काय सांगतो

डॉक्टरांच्या दप्तरी रुग्णाच्या नावापुढे जी औषधे लिहिलेली असतात ती, आणि रुग्ण प्रत्यक्षात रोज जी औषधे घेतो ती, या दोन याद्या एकच आहेत असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वयोवृद्ध माणसाच्या बाबतीत हे गृहीतक बहुधा खरे ठरत नाही. रक्तदाबाचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे. प्रत्येकाने आपापल्या परीने योग्य तेच लिहून दिलेले असते. परंतु या तिघांच्या चिठ्ठ्या ज्या एकाच डब्यात येऊन पडतात, तो डबा त्यांच्यापैकी कोणीच पाहिलेला नसतो. त्यात औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या असतात, मागील वर्षीच्या उरलेल्या असतात, शेजाऱ्याने गुण आला म्हणून दिलेले चूर्णही असते.

रुग्णाने घरातील सर्व औषधे एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवावीत, ही यावरची जुनी आणि साधी रीत आहे. अमेरिकेत तपकिरी कागदी पिशवीवरून या तपासणीला ‘ब्राउन बॅग’ तपासणी असे नावच पडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ‘हानीविना औषधोपचार’ ही मोहीम हाती घेतली, तेव्हा एकाच वेळी अनेक औषधे घेणाऱ्या रुग्णांकडे विशेष लक्ष देण्याचे ठरविले. आपल्याकडे वडील गावी, मुलगी शहरात आणि डॉक्टर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, अशी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. तेथे पिशवीचे काम छायाचित्रे करू शकतात. मुलीने सर्व औषधांची छायाचित्रे काढून ती ई-मेलने वडिलांच्या डॉक्टरांकडे पाठवावीत आणि त्यांनी ती एकदा नजरेखालून घालावीत, असा हा व्यवहार. तो नीट पार पडला तर काय हाती लागते, हे एका कल्पित, पण व्यवहारात वारंवार आढळणाऱ्या प्रकारच्या उदाहरणावरून पाहता येईल.

सांगोला तालुक्यातील एका गावी राहणारे चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. रक्तदाब व मधुमेह यांसाठी ते सोलापूरच्या एका फिजिशियनकडे तीन-चार महिन्यांतून एकदा जातात. मुलगी पुण्यास नोकरी करते. दिवाळीसाठी घरी आली असता वडील बिछान्यातून उठताना भिंतीचा आधार घेतात, पावलांवर सूज आहे आणि बोलताना मध्येच गप्प होतात, हे तिच्या ध्यानात आले. विचारले असता “वयाचं आहे, चालायचंच” असे उत्तर मिळाले. तिने औषधांचा डबा मागून घेतला. डब्यात अकरा औषधे निघाली. फिजिशियनच्या शेवटच्या चिठ्ठीवर मात्र पाचच होती.

छायाचित्र कसे असावे

पुष्कळ वेळा असे होते की, सर्व पाकिटे चटईवर पसरून एकच छायाचित्र काढले जाते आणि डॉक्टरांना त्यात रंगीबेरंगी चौकोनांपलीकडे काही दिसत नाही. गोळ्यांच्या पट्टीच्या मागील चंदेरी कागदावर अक्षरे अतिशय बारीक असतात आणि फ्लॅश पडला की तो कागद आरशासारखा चमकतो. म्हणून फ्लॅश बंद ठेवून, दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, गडद रंगाच्या साध्या कापडावर एका वेळी एकच औषध ठेवावे आणि पट्टी किंचित तिरपी धरावी. प्रत्येक औषधाची दोन छायाचित्रे घ्यावीत. पहिले मागील बाजूचे. त्यात औषधाचे मूळ नाव, त्याची मात्रा आणि मुदत वाचता आली पाहिजे. दुसरे पुढील बाजूचे. त्यात किती गोळ्या शिल्लक आहेत हे दिसले पाहिजे. पाठविण्यापूर्वी छायाचित्र मोठे करून आपल्याला स्वतःला अक्षरे लागतात का, हे पाहावे. आपल्याला लागली नाहीत तर डॉक्टरांनाही लागणार नाहीत.

मूळ नाव आणि ब्रँडचे नाव यांतील भेद येथे कळीचा आहे. औषध नियम, १९४५ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन टंक मोठ्या अक्षरांत छापणे आवश्यक झाले आहे. तीन किंवा अधिक घटकांच्या मिश्र औषधांना यातून सूट आहे. तरीही घरात औषध ओळखले जाते ते ब्रँडच्या नावाने किंवा रंगानेच. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी आले की घरच्यांच्या लेखी ती दोन वेगळी औषधे होतात.

एक अडचण नेहमीची आहे. मुदत आणि बॅच क्रमांक पट्टीच्या एका टोकाला छापलेले असतात आणि नेमके तेच टोक अनेकदा प्रथम कापले जाते. दुकानदाराने अर्धी पट्टी कापून दिली असेल तर नावही अर्धवट राहते. अशा वेळी अंदाजाने नाव लिहू नये. ‘नाव वाचता येत नाही’ असे स्पष्ट लिहावे आणि गोळीचेच जवळून छायाचित्र द्यावे. ऑगस्ट २०२३ पासून निवडक ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर संकेतचिन्ह बंधनकारक झाले आहे; ते शाबूत असल्यास मोबाईलने वाचून नाव आणि मुदत मिळते.

डोळ्यांत घालायचे थेंब, श्वासातून घ्यायची औषधे, मलमे, इन्शुलिनची पेने, टॉनिके, आयुर्वेदिक व होमिओपॅथिक औषधे हीदेखील मोजावयाची असतात. ‘औषधे किती घेता?’ या प्रश्नाच्या उत्तरात ती येत नाहीत, कारण बहुतेकांच्या मनात औषध म्हणजे गोळी.

पत्रात काय लिहावे

छायाचित्रे पट्टीवर काय छापले आहे ते सांगतात. पोटात काय जाते ते सांगत नाहीत. ती माहिती पत्रातूनच द्यावी लागते आणि ती वडिलांच्या शेजारी बसून, एकेक औषध हातात घेऊन विचारावी लागते. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते उतरवून काढण्याचा मोह येथे टाळला पाहिजे; ते डॉक्टरांना ठाऊकच असते. वडिलांना परीक्षेला बसविल्यासारखेही वाटू नये. आपण चुकलो असे वाटले की वडीलधारी माणसे चिठ्ठीप्रमाणेच घेतो असे सांगून मोकळी होतात.

या मुलीचे पत्र साधारण पुढीलप्रमाणे होते :

“आदरणीय डॉक्टरसाहेबांना सादर नमस्कार. माझे वडील आपल्याकडे उपचार घेत आहेत. वय ७४, आपल्याकडील शेवटची भेट सप्टेंबरमध्ये झाली. त्यांच्या संमतीने हे पत्र लिहीत आहे व त्यांचे सहीचे संमतिपत्र सोबत जोडले आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून उठताना चक्कर येते व पावलांवर सूज आहे. मागील आठवड्यात दोन दिवस जुलाब झाले. तेव्हापासून जेवण कमी आहे व लघवीला कमी होते. घरात मिळालेल्या सर्व अकरा औषधांची छायाचित्रे क्रमांक घालून जोडली आहेत. प्रत्येक क्रमांकापुढे ते औषध कोणी दिले, केव्हापासून घेतात आणि बाबा प्रत्यक्षात ते कसे घेतात हे खाली लिहिले आहे. मी स्वतः कोणतेही औषध बंद केलेले नाही. यांपैकी कोणती चालू ठेवावीत आणि त्यांना केव्हा घेऊन यावे, हे कृपया कळवावे. आपले शुल्क कसे पाठवावे तेही कळवावे.”

पत्र लहान आहे, पण त्यातील प्रत्येक वाक्याला काम आहे. जुलाबाचा उल्लेख औषधांच्या यादीइतकाच महत्त्वाचा होता, हे पुढे दिसेल. संमतीचा उल्लेखही केवळ औपचारिक नाही. केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यक सेवेची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत ई-मेलसारखी लेखी साधने ग्राह्य मानली आहेत. मात्र रुग्ण समोर नसताना नातेवाईक बोलत असेल, तर रुग्णाचे सहीचे अधिकारपत्र किंवा पूर्वी प्रत्यक्ष भेटीत नोंदवून घेतलेली संमती आवश्यक धरली आहे. शुल्काचा प्रश्नही रास्त आहे. अकरा औषधे एकमेकांशी ताडून पाहणे हे पाच मिनिटांचे काम नव्हे, आणि ते फुकट मागितले तर घाईने होण्याचा संभव असतो.

हीच छायाचित्रे मोबाईलवरील संदेशाने पाठविली तर चालणार नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. चालेलही. परंतु संदेशाच्या साधनांतून जाताना छायाचित्रे बहुधा आकसविली जातात आणि नेमकी बारीक अक्षरे पुसट होतात. ई-मेल मोठ्या पडद्यावर उघडता येतो, छापून रुग्णाच्या फाईलला लावता येतो आणि सहा महिन्यांनंतरही सापडतो. एका ई-मेलसोबत साधारणतः पंचवीस मेगाबाइटपर्यंतच मजकूर जातो. म्हणून जास्त छायाचित्रे असल्यास दोन ई-मेल करून ‘१ पैकी २’, ‘२ पैकी २’ असे न लिहिता ‘भाग पहिला’, ‘भाग दुसरा’ असे स्वच्छ लिहावे.

डॉक्टरांना काय दिसले

फिजिशियनने प्रथम दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाचे छायाचित्र मोठे करून पाहिले. पहिल्या क्रमांकावर त्यांनी स्वतः सप्टेंबरमध्ये लिहून दिलेली रक्तदाबाची संयुक्त गोळी होती : टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड साडेबारा मिलिग्रॅम. दुसऱ्या क्रमांकावर जनऔषधी केंद्रातून आणलेली गोळी होती, आणि तीही टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमच होती. सप्टेंबरपूर्वी गुरुजी ही साधी गोळी घेत असत. डॉक्टरांनी ती बदलून संयुक्त गोळी दिली. परंतु चिठ्ठीवर नवी गोळी लिहिली गेली, जुनी बंद करावी असे लिहिले गेले नाही. घरात जुन्या गोळ्यांचा दोन महिन्यांचा साठा होता. रंग वेगळा, नाव वेगळे, म्हणून दोन्ही सुरू राहिल्या. म्हणजे टेल्मिसार्टन दिवसाला ८० मिलिग्रॅम जात होते. ८० ही काही विषारी मात्रा नव्हे. गरज असलेल्या रुग्णास ती देतातही. येथे मात्र ती कोणी ठरवून दिलेली नव्हती.

खरा उलगडा चौथ्या छायाचित्राने केला. ती वेदनाशामक गोळी होती : एसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम व पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. गुडघ्याच्या डॉक्टरांनी ती जुलैमध्ये पाच दिवसांसाठी दिली होती. आराम पडला, म्हणून गुरुजींनी रिकामी पट्टी दाखवून गावातील दुकानातून ती पुन्हा पुन्हा आणली. मुलीच्या पत्रातील नोंद अशी होती : ‘जुलैपासून रोज सकाळी व रात्री’.

आता घटनाक्रम जुळला. एसिक्लोफेनॅकच्या वर्गातील वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. त्यामुळे पावलांवर सूज येते आणि रक्तदाब वाढतो. सप्टेंबरमध्ये रक्तदाब वाढलेला आढळला तो कदाचित याच गोळीमुळे. डॉक्टरांना या गोळीची माहिती नव्हती. त्यांनी रक्तदाब वाढला म्हणून औषध वाढविले. एका औषधाचा दुष्परिणाम हाच नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते, हा प्रकार वृद्धांच्या औषधोपचारात इतका परिचित आहे की, यादी अचानक लांबलेली दिसली की अनुभवी डॉक्टर प्रथम हाच संशय घेतात.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर होती. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या असतात. गाळण्यासाठी रक्ताचा पुरेसा दाब लागतो. कालव्याच्या चारीचे उदाहरण घेतल्यास हे सहज समजते : पाणी आत येण्याची वाट अरुंद केली, बाहेर जाण्याची वाट रुंद केली आणि मूळ कालव्यातच पाणी कमी सोडले, तर चारीत पातळी राहत नाही. वेदनाशामक गोळी आत येणारी रक्तवाहिनी आकुंचित करते. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करते. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकून शरीरातील द्रवच कमी करते. यांतील एकेक गोष्ट निरोगी मूत्रपिंड सहन करते, दोनही काही काळ निभावतात. तिन्ही एकत्र आल्या आणि वर जुलाबांनी शरीरातील पाणी घटले की गाळण्याचे काम मंदावते. चक्कर, मंदपणा, लघवी कमी होणे, ही लक्षणे वयाची नसून याची असू शकतात.

आठव्या क्रमांकावर काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब होते. सातव्या क्रमांकावरील मेटोप्रोलॉलही त्याच गटातील, हृदयाची गती मंद करणारे औषध. डोळ्यात घातलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तेथून रक्तात शोषला जातो. त्यामुळे दोहोंचा परिणाम एकत्र होऊन नाडी फार मंद होऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांस हृदयाच्या गोळीची आणि फिजिशियनला थेंबांची कल्पना नव्हती.

आणखी एक गोष्ट केवळ मोजदादीतून कळली. कोलेस्टेरॉलची एटोरव्हास्टॅटिन ही गोळी रात्री एक, अशी होती. महिन्याच्या १ तारखेस तीस गोळ्या आणल्या. २१ तारखेच्या सकाळी छायाचित्र काढले तेव्हा दहा उरायला हव्या होत्या, प्रत्यक्षात एकोणीस होत्या. वीस रात्रींत अकराच घेतल्या गेल्या होत्या, कारण गुरुजी आठ वाजता झोपतात. मागील भेटीत कोलेस्टेरॉल उतरले नाही म्हणून तिची मात्रा १० वरून २० मिलिग्रॅम केली होती. वाढवायला हवी होती ती मात्रा नव्हे. गोळी घेण्याची वेळ बदलायला हवी होती, आणि ही गोळी सकाळीही घेता येते.

पुढे काय झाले

डॉक्टरांनी ई-मेलला लेखी उत्तर देण्याआधी दूरध्वनी केला आणि गुरुजींशीच बोलले. वेदनाशामक गोळी आणि सुटी टेल्मिसार्टन त्याच दिवशी बंद करण्यास सांगितले. संयुक्त गोळी व मधुमेहाची गोळी तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबविली, कारण मधुमेहाच्या गोळीतील मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते आणि जेवण कमी असताना तिच्यातील ग्लिमेपिराइडमुळे साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. साखर मात्र घरच्या यंत्रावर दिवसातून दोनदा मोजण्यास सांगितली. मेटोप्रोलॉलला हात लावू नये, असे निक्षून सांगितले. ही गोळी एकाएकी सोडल्यास हृदयावर ताण येतो. मुलीने घाबरून सर्वच औषधे बंद केली असती तर हा एक नवा धोका उभा राहिला असता. दुसऱ्या दिवशी बसून व उभे राहून रक्तदाब, नाडी, तसेच रक्तातील क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम यांची तपासणी झाली.

रक्तदाब बसून ११८ होता, उभे राहताच ९४ झाला. क्रिएटिनिन सप्टेंबरमध्ये १.१ होते, ते आता १.७ निघाले. नाडी ५४ होती. पोटॅशियम सुदैवाने मर्यादेत होते. ते फार वाढले असते तर रुग्णालयात दाखल करावे लागले असते. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२ वर आले, सूज उतरली आणि मधुमेहाची गोळी पुन्हा सुरू झाली. रक्तदाबासाठी शेवटी साधी टेल्मिसार्टनच पुरेशी ठरली. संयुक्त गोळीची गरज उरली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलून दिले. गुडघ्यासाठी नवव्या क्रमांकाची पॅरासिटामॉल, तीही दिवसाची मर्यादा ठरवून, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम राहिले. गुडघा पूर्वीइतका शांत नाही, अशी गुरुजींची तक्रार आहे, आणि ती खरीही आहे.

अकराव्या क्रमांकावरील चूर्णाच्या पुडीवर नाव नव्हते, घटक नव्हते. त्याविषयी डॉक्टर काहीच सांगू शकले नाहीत. नाव नसलेल्या वस्तूचे परीक्षण छायाचित्रावरून होत नाही. म्हणून ते बंद करण्यास सांगितले. छायाचित्रांची मर्यादा अन्यत्रही आहे. इन्शुलिन टोचण्याची पद्धत, थेंब डोळ्यात पडतो की गालावर, गोळी खरोखर गिळली जाते की नाही, हे त्यांत दिसत नाही. शिवाय ई-मेल केव्हा वाचला जाईल याची शाश्वती नसते. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, घाम सुटून बोलणे असंबद्ध होणे, डांबरासारखे काळे शौचास होणे, दिवसभर लघवी न होणे, यांपैकी काही असेल तर ई-मेल लिहीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी अकराऐवजी सात औषधांची एक यादी तयार झाली. तिच्यात ब्रँडचे नाव नाही. मूळ नाव, मात्रा, कशासाठी आणि किती वाजता, एवढे चारच रकाने आहेत. खाली वेगळ्या रेघेत ‘बंद केलेली औषधे’ तारखेसह लिहिली आहेत. तिची एक प्रत डब्याच्या झाकणाला आतून चिकटविली, एकेक प्रत गुडघ्याच्या व डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली, आणि एक गावातील औषधाच्या दुकानदाराकडे. औषधपत्रावर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देण्यास नियमाने मनाई असली तरी ब्रँड संपला म्हणून बदल होत राहतात. दुकानदाराने तसे केल्यास आता त्याला मूळ नाव ताडून पाहता येते.